दुचाकीची जागा एकच, गाड्या दोन आणि वर एक सायकल: भाडेकरूने परवानगी कशी मागावी

प्रश्न: आम्ही पुण्यात एका सोसायटीत भाड्याने राहतो. फ्लॅटला एका दुचाकीची जागा आहे, तिथे माझी बाइक असते. आता बायकोने स्कूटर घेतली आहे, शिवाय मुलीची सायकल आहे. सेक्रेटरी म्हणतात, ‘एका फ्लॅटला एकच गाडी, त्यात तुम्ही भाडेकरू.’ रोज पार्किंगमध्ये जागा रिकामी दिसते आणि आमच्या फ्लॅटच्या बिलात दर महिन्याला नॉन-ऑक्युपन्सीची जास्तीची रक्कमही जाते. मागणी कशी करावी? सायकलला तरी नाही म्हणू शकतात का?

उत्तर:

मागणी तुमच्या नावाने करू नका, घरमालकांच्या नावाने जाऊ द्या. आणि स्कूटर व सायकल एकाच मागणीत गुंडाळू नका, दोन्ही वेगळे मांडा. पुण्यात सोसायट्यांचं व्यवस्थापन बघताना भाडेकरूंचे असे बरेच अर्ज माझ्यासमोर आले आहेत, आणि त्यातले बहुतेक या दोन कारणांनीच मागे पडतात. खरी अडचण जागेची असतेच असं नाही.

आधी पहिलं कारण. सोसायटीचा व्यवहार सभासदाशी असतो. जागा तुमच्या फ्लॅटच्या सभासदाला दिलेली आहे आणि त्यांच्याकडून ती तुमच्या वापरात आली आहे. तुमचं पत्र कमिटीने फाइलला लावून दिलं, तर तुम्हाला पुढे फारसं काही करता येत नाही. तेच पत्र सभासदाकडून आलं की ते कमिटीच्या बैठकीत घ्यावं लागतं आणि निर्णय कळवावा लागतो. म्हणून पहिला फोन घरमालकांना करा. ते परगावी किंवा परदेशी असतील तर त्यांच्या नेहमीच्या ई-मेलवरून सोसायटीला मेल गेला तरी चालतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढू नका. ग्रुपवर निघालेला पार्किंगचा विषय दहा मिनिटांत ‘भाडेकरू विरुद्ध मालक’ असा होतो, आणि मग मनातून अनुकूल असलेला कमिटी सदस्यही गप्प बसतो.

त्याच फोनवर घरमालकांना विचारा की त्यांच्या फ्लॅटला नेमकं काय काय मिळालेलं आहे. ‘एका दुचाकीची जागा’ ही माहिती तुम्हाला बहुधा एजंटने किंवा वॉचमनने दिलेली असते. खरेदीखतात काय लिहिलं आहे, सोसायटीचं पार्किंग वाटपाचं पत्र आहे का, आणि तुमच्या लिव्ह अँड लायसन्स करारात पार्किंगचा उल्लेख कसा आहे, हे तिन्ही कागद बघायला हवेत. अनेकदा असं निघतं की फ्लॅटला चारचाकीची जागाही आहे, पण मालक तिथे राहत नसल्याने त्यांनी ती शेजाऱ्याला तोंडी वापरायला दिली आहे. तसं असेल तर तुमचा प्रश्न सोसायटीकडे जायचीही गरज नाही. मालकांनी शेजाऱ्याशी बोलून महिन्याभराची मुदत दिली की झालं. चारचाकीची जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. चार मीटरच्या आतली लहान गाडी तिथे उभी केली तरी मागे एक मीटर उरतो, आणि स्कूटर आडवी लावायला तेवढा पुरतो. काही सोसायट्या चारचाकीच्या पट्ट्यात दुचाकी लावू देत नाहीत, तेवढं विचारून घ्या.

इथे एक फरक लक्षात ठेवा. पुण्यात बऱ्याच इमारती बोलण्यात ‘सोसायटी’ असल्या तरी कागदोपत्री १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची ‘अपार्टमेंट’ असतात. बिलाच्या डोक्यावर ‘सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’ आणि नोंदणी क्रमांक आहे की ‘अपार्टमेंट’ किंवा ‘कॉन्डोमिनियम’ असं आहे, ते बघा. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, हा मुख्य कागद. कोणती जागा कोणत्या फ्लॅटच्या वापरासाठी राखीव आहे ते त्यात लिहिलेलं असतं आणि कमिटीला ते सहज बदलता येत नाही. पुढे मी लिहितो ते सहकारी संस्थेबद्दल आहे. अर्ज करण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच चालते.

आता ‘एका फ्लॅटला एकच गाडी’ हा नियम येतो कुठून ते बघू. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्था सहकार खात्याने तयार केलेले आदर्श उपविधी थोड्याफार फरकाने स्वीकारतात. त्यात पार्किंगचा भाग ७८ व्या उपविधीपासून सुरू होतो. त्याचा गाभा असा की साधारणपणे एका सभासदाला एकच जागा. पण अर्जदार नसल्यामुळे जागा शिल्लक राहिली, तर त्याच सभासदाला दुसरी जागाही देता येते. ती वर्षापुरती असते, आणि ज्याला एकही जागा मिळालेली नाही असा दुसरा सभासद पुढे आला की सोडावी लागते. स्कूटर, मोटरसायकल यांच्यासाठी वेगळा उपविधी आहे. आवारात गाडी लावायची तर कमिटीची पूर्वपरवानगी घ्यावी आणि सर्वसाधारण सभेने ठरवलेलं शुल्क भरावं, एवढंच तो सांगतो. म्हणजे दुसऱ्या दुचाकीला कायमची बंदी आदर्श उपविधींत नाही. तुमच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून ‘एक फ्लॅट, एक दुचाकी’ ठरवलं असेल तर तो ठराव लागू आहे. ठरावच नसेल, तर सेक्रेटरी सांगतात ती फक्त चालत आलेली पद्धत आहे. हे तपासायचं काम घरमालकांचं, कारण सभेचं इतिवृत्त बघण्याचा हक्क सभासदाला असतो, तुम्हाला नाही. त्यांनी ‘पार्किंगबाबतच्या शेवटच्या ठरावाची प्रत मिळावी’ असा एका ओळीचा मेल केला तरी चित्र स्पष्ट होतं.

नॉन-ऑक्युपन्सीचा मुद्दा अर्जात आणू नका. त्याला मराठीत बिनभोगवटा शुल्क म्हणतात आणि ते मालक स्वतः राहत नाही म्हणून मालकाकडून घेतलं जातं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स नव्हे. त्यामुळे बिलात ती रक्कम फार मोठी दिसत असेल तर तो मालकांनी सोसायटीला विचारायचा वेगळा प्रश्न आहे. पण ते शुल्क भरल्याने जास्तीची पार्किंगची जागा मिळत नाही. ‘आम्ही जास्त पैसे भरतो’ हे वाक्य कमिटीसमोर आलं की चर्चा शुल्काकडे वळते आणि तुमची स्कूटर बाजूला राहते.

मग कमिटी अडते कशावर? बहुतेक वेळा पायंड्यावर. ‘यांना दिली तर उद्या चार जण मागतील’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक कमिटीत ऐकलं आहे, आणि ते खोटं नाही. चार जण खरंच मागतात. म्हणून ‘आणखी एक जागा द्या’ अशी मागणी केली की तिला नकारच येतो. त्याऐवजी अमुक ठिकाणी, अमुक नंबरची गाडी, अमुक तारखेपर्यंत, सभासदाला गरज पडली की लगेच काढून घेण्याच्या अटीवर, अशी मागणी केली तर कमिटीला हो म्हणणं सोपं जातं. तिच्यातून कोणाचा हक्क तयार होत नाही, आणि उद्या दुसरा कोणी आला तर त्यालाही त्याच अटी दाखवता येतात.

यासाठी आधी पार्किंग नीट बघावं लागतं. तुम्हाला जागा रिकामी दिसते ती कोणत्या वेळी? संध्याकाळी सात वाजता निम्मं पार्किंग मोकळं असतं, त्यावरून काहीच ठरत नाही. रात्री साडेदहा-अकराला, सगळे घरी आल्यावर, एक फेरी मारा. दुसरी फेरी रविवारी सकाळी लवकर मारा. तेव्हाही जी जागा मोकळी असते तीच खरी शिल्लक. ती मोकळी का आहे तेही बघा. चारचाकी वळायला लागणारी जागा, पाण्याच्या टाकीचं झाकण, पंपाच्या खोलीचं दार, फायरच्या नळीची पेटी, जिन्याखालचे वीजमीटर, यांच्यासमोरची जागा रिकामी दिसली तरी ती रिकामीच ठेवायची असते. टँकरवाला पाइप कुठून ओढतो हे वॉचमनला विचारून घ्या. उन्हाळ्यात त्याच रेषेत स्कूटर लावली तर आठवड्यात तक्रार येते.

फेरी मारताना बंद पडलेल्या गाड्या मोजा. जुन्या इमारतीत मला जागा सापडते ती बहुधा इथेच. दोन्ही टायर बसलेले, सीटवर धुळीचा थर, आरशाला कोळ्याचं जाळं, सोसायटीचा स्टिकर चार वर्षांपूर्वीचा. कोणाचा मुलगा परदेशी गेला, कोणी गाडी विकायची म्हणून ठेवली आणि राहून गेली, कोणी फ्लॅट विकून गेला आणि गाडी इथेच. यांतल्या कोणत्याही गाडीला तुम्ही हात लावू नका, ढकलू नका, कोपऱ्यात सरकवू नका. फक्त नंबर आणि जागा टिपून घ्या. त्या गाड्यांबद्दल नोटीस काढायचं काम कमिटीचं आहे, आणि तुमच्या अर्जाच्या निमित्ताने ते मार्गी लागू शकतं.

मापाचं म्हणाल तर टेप घेऊन जा. स्कूटरची लांबी साडेसतराशे ते एकोणीसशे मिलिमीटरच्या आसपास आणि हँडलसकट रुंदी सत्तर सेंटिमीटर. शेजारच्या गाडीचं स्टँड लावायला आणि माणूस उभा राहायला धरून एक मीटर रुंद, दोन मीटर लांब इतकी जागा लागते. मोटरसायकल याहून थोडी लांब असते. खांब आणि भिंतीमधल्या ऐंशी सेंटिमीटरच्या पट्टीत स्कूटर आत ढकलता येते, पण रोज सकाळी बाहेर काढताना शेजारच्या गाडीला घासते. अशी जागा अर्जात लिहू नका. तिथे सायकल लावा.

सायकलीचं गणित वेगळंच आहे. दुचाकीच्या परवानगीचा जो उपविधी वर सांगितला त्यात स्कूटर, मोटरसायकल, रिक्षा यांची नावं आहेत, सायकलचं नाही. तिला नंबर नाही, आरसी नाही, आणि बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंग नोंदवहीत तिचा रकानाच नाही. त्यामुळे ‘एका फ्लॅटला एकच गाडी’ हा ठराव सायकलला आपोआप लागू होतो असं म्हणणं ताणलेलं ठरेल. ठरावात सायकलचा उल्लेख आहे का ते आधी बघा. पण याचा अर्थ सायकल कुठेही ठेवता येते असाही नाही. सामाईक जागेत वस्तू कुठे ठेवायची ते कमिटी ठरवू शकते, आणि जिन्यात, लँडिंगवर, लिफ्टसमोर किंवा फ्लॅटच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये सायकल ठेवायला ती नाही म्हणाली तर ती बरोबरच आहे. आग लागली तर धुरात लोक त्याच वाटेने खाली उतरतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली इमारतीची अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तपासणीला आलेला माणूस जिन्यातल्या सायकली आणि चपलांच्या कपाटांवरच आधी बोट ठेवतो.

म्हणून सायकलीसाठी पहिली जागा तुमच्या बाइकशेजारीच शोधा. मीटरभर रुंद पट्ट्यात बाइकचा मुख्य भाग भिंतीच्या बाजूला सरकवून लावला आणि सायकल उलट्या दिशेने, म्हणजे तिचं हँडल बाइकच्या शेपटीकडे येईल अशी उभी केली, तर दोन्ही हँडलं एकमेकांना अडत नाहीत. लहान मुलांची सायकल यात सहज बसते, मोठी गिअरची सायकल थोडी बाहेर येते. ते जमत नसेल तर खांबामागची अरुंद पट्टी मागा. भिंतीला हुक ठोकायचा असेल तर लेखी विचारा, कारण ती भिंत सामाईक आहे आणि तिच्या आत वायरिंग असू शकतं. कुलूप खांबाभोवती किंवा दोन चाकांतून घाला. गॅसच्या पाइपला किंवा फायरच्या पाइपला साखळी कधीच बांधू नका. सायकलच्या दांड्यावर फ्लॅट नंबर रंगवा किंवा पक्का चिकटवा. अनेक सोसायट्या वर्षातून एकदा बेवारस सायकली भंगारात काढतात. नोटीस बोर्डावर महिनाभर लागलेली असते, पण भाडेकरूला ती कळत नाही आणि चांगली चालणारी सायकल निघून जाते.

आता अर्ज. खाली दिलेला मसुदा मालकांच्या नावाने आहे. जागा आणि तपशील तुमचे भरा.

‘मा. सचिव यांस, मी फ्लॅट क्र. ___ चा सभासद. सदर फ्लॅट मी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने श्री. ___ यांना दि. ___ पर्यंत वापरण्यास दिला असून कराराची प्रत व पोलीस पडताळणीची प्रत संस्थेकडे दिलेली आहे. माझ्या फ्लॅटला दिलेल्या दुचाकीच्या जागेत त्यांची गाडी क्र. ___ लावली जाते. त्यांच्या पत्नीच्या स्कूटर क्र. ___ साठी, सोबतच्या आराखड्यात दाखवलेल्या ठिकाणी, वरील करार संपेपर्यंत तात्पुरती परवानगी द्यावी. सर्वसाधारण सभेने ठरवलेले शुल्क माझ्या बिलात लावावे. जागा न मिळालेल्या कोणत्याही सभासदास गरज भासल्यास संस्थेच्या सूचनेनंतर १५ दिवसांत ती जागा मोकळी केली जाईल. या परवानगीमुळे माझा अथवा त्यांचा त्या जागेवर कोणताही हक्क निर्माण होणार नाही. तसेच त्यांच्या मुलीची सायकल (रंग ___, फ्रेम क्र. ___) माझ्याच जागेत, बाइकशेजारी ठेवली जाईल, याची नोंद घ्यावी.’

शेवटचं वाक्य मुद्दाम ‘परवानगी द्यावी’ असं न लिहिता ‘नोंद घ्यावी’ असं ठेवलं आहे. मालकांच्या स्वतःच्या पट्ट्यात, कोणालाही न अडवता ठेवलेल्या सायकलीसाठी परवानगी मागितली की नकाराला वाट मिळते. सायकल त्या पट्ट्याबाहेर लावणार असाल तर मात्र परवानगीच मागा.

सोबत आरसीची आणि विम्याची प्रत जोडा. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल, किंवा परराज्यातला नंबर असेल, तर एका ओळीत ते स्पष्ट लिहा. नाहीतर ‘ही गाडी यांची नाहीच’ असा संशय येतो आणि अर्ज महिनाभर लांबतो. आराखडा म्हणजे काही मोठं काम नाही. कागदावर खांब, भिंत, शेजारच्या दोन गाड्या काढून मध्ये मापं लिहा, आणि त्या जागेचा रात्री अकराचा एक फोटो लावा. कमिटीतल्या लोकांना त्या फोटोने फार मदत होते, कारण जागा कुठली याबद्दल बैठकीत वाद उरत नाही.

एक प्रकरण सांगतो, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते कळेल. कोथरूडमधली चाळीस फ्लॅटची जुनी इमारत. खाली स्टिल्ट, दुचाकींच्या दोन रांगा. भाडेकरू जोडप्यातला नवरा हिंजवडीला, बायको कॅम्पात नोकरीला, म्हणून दोन गाड्या. त्यांनी स्वतःच्या नावाने ‘आम्हाला आणखी एक पार्किंग मिळावे’ असा अर्ज दिला. कमिटीने दोन ओळींत नाही म्हणून कळवलं. दरम्यान वॉचमनने ‘लावा हो, कोण बघतंय’ म्हटल्यामुळे स्कूटर रांगेच्या टोकाला उभी राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात एका सभासदाची चारचाकी वळताना तिला घासली आणि प्रकरण तापलं.

तेव्हा ते माझ्याकडे आलं. बंगळूरला राहणाऱ्या मालकांशी बोलून त्यांच्याकडून मेल करायला सांगितलं. रात्रीच्या फेरीत दोन्ही रांगांत मिळून पाच गाड्या बंद पडलेल्या आढळल्या. त्यांतल्या दोन एकाच सभासदाच्या होत्या आणि ते वर्षभर मुलाकडे परदेशात होते. कमिटीने त्या चारही फ्लॅटना पत्रं पाठवली, गाड्यांवर नोटीस चिकटवली आणि ३० दिवसांची मुदत दिली. तीन गाड्या मालकांनी स्वतः हलवल्या. परदेशातल्या सभासदाने पुतण्याला पाठवून एक विकली आणि एक ठेवली. कमिटीने राहिलेल्या गाडीला हात लावला नाही, आणि ते योग्यच केलं. गाडी बंद असली तरी मालकी संपत नाही. मालकच सापडत नसेल तर पोलिसांना कळवून पुढे जावं लागतं.

चार जागा मोकळ्या झाल्या. त्यांतल्या दोन जागा अशा सभासदांना गेल्या ज्यांच्याकडे एकही जागा नव्हती. त्यांचा हक्क आधी होता. तिसरी या जोडप्याला करार संपेपर्यंत महिना १०० रुपयांवर मिळाली, आणि चौथी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी ठेवली. सहा-सात महिन्यांनी एका सभासदाने नवी मोटरसायकल घेतली आणि अर्ज केला. अटीप्रमाणे जोडप्याला १५ दिवसांची सूचना गेली. त्यांनी जागा सोडली. पण एव्हाना रांगेच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मोटरसायकल मावत नव्हती पण स्कूटर मावत होती, अशी खांबाजवळची जागा कमिटीने त्यांना आपणहून सुचवली, कारण तोपर्यंत त्यांच्या गाडीबद्दल एकही तक्रार आलेली नव्हती आणि पैसे वेळेवर बिलात जात होते.

या प्रकरणातली वॉचमनची गोष्ट मी पुन्हा वेगळी सांगतो, कारण ती सगळीकडे घडते. वॉचमनचा, लिफ्टमध्ये भेटलेल्या चेअरमनचा किंवा शेजारच्या काकांचा होकार म्हणजे परवानगी नव्हे. वॉचमन बदलतो, चेअरमन निवडणुकीत बदलतो, आणि नव्या माणसासमोर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. कमिटीच्या बैठकीत विषय झाला, इतिवृत्तात आला आणि मालकांना पत्र किंवा मेल मिळाला, तरच स्टिकर मागा. स्टिकरवर किंवा नोंदवहीत गाडीचा नंबर आणि मुदतीची तारीख असावी. तारीख नसेल तर नवी कमिटी ‘हे कुठून आलं’ म्हणून पहिल्याच महिन्यात काढायला सांगते.

समजा परवानगीशिवाय गाडी लावली, तर काय होतं? सोसायटी उपविधींचा भंग म्हणून नोटीस देऊन, सर्वसाधारण सभेने ठरवल्याप्रमाणे दंड लावू शकते. हा दंड तुमच्या नावाने येत नाही, मालकांच्या बिलात येतो. मालकांना तो तीन महिन्यांनी दिसतो, आणि मग डिपॉझिट परत देताना तो कापला जातो. मालकांशी संबंध बिघडायला हे एक मोठं कारण असतं. दुसऱ्या बाजूने, चाकातली हवा काढणं, साखळी घालून गाडी अडकवणं किंवा ती उचलून रस्त्यावर ठेवणं याचा अधिकार उपविधी कमिटीला देत नाहीत. असं झालं तर भांडत बसू नका. फोटो काढा, वेळ लिहा, मालकांकरवी सचिवांना त्याच दिवशी मेल पाठवा. गाडीचं नुकसान झालं असेल तर पोलीस चौकीत तक्रार देता येते.

स्कूटर इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंगचा प्रश्न पार्किंगच्या अर्जात मिसळू नका. बॅटरी काढता येत असेल तर घरात, तुमच्या मीटरवर चार्ज करा. पार्किंगमधल्या सामाईक दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढली की परवानगी मिळालेली जागाही जाते, आणि ते धोक्याचंही आहे.

लेखी नकार आला तर त्यात कारण काय दिलं आहे ते बघा. ‘जागा शिल्लक नाही’ असं कारण असेल आणि तुमच्या फोटोत शिल्लक दिसत असेल, तर मालकांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेण्याची लेखी मागणी करावी. ‘भाडेकरू आहेत म्हणून’ एवढंच कारण असेल तर मालकांनी विचारावं की असा ठराव कोणत्या सभेत झाला. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवलं आणि कराराची प्रत दिली की पुरतं. कळवण्याचं काम मालकांनी वेळेवर केलेलं असेल तर या कारणाला फारसा आधार राहत नाही. पण याच्याही पुढे, उपनिबंधक कार्यालयापर्यंत किंवा सहकार न्यायालयापर्यंत जायचं तर ते मालकांनाच जावं लागेल. अकरा महिन्यांच्या करारासाठी दुसऱ्या दुचाकीवरून कोणी मालक तिथपर्यंत जात नाही. हे धरूनच चाला.

त्यापेक्षा जवळचा मार्ग म्हणजे ज्या सभासदाकडे दुचाकीच नाही त्याची जागा वापरणं. प्रत्येक इमारतीत दोन-चार ज्येष्ठ नागरिक असे असतात. मात्र सोसायटीने दिलेली जागा सभासदाला विकता किंवा परस्पर हस्तांतरित करता येत नाही. म्हणून दोघांत गुपचूप भाडं ठरवू नका. त्या सभासदाने कमिटीला ‘माझ्या जागेत फ्लॅट क्र. ___ ची स्कूटर अमुक तारखेपर्यंत लावण्यास माझी हरकत नाही’ असं पत्र द्यावं आणि शुल्क सोसायटीच्या बिलातूनच जावं. बाहेर रस्त्यावर गाडी लावणं हा शेवटचा उपाय. पुण्यात अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ फलक आहेत. रात्री लावलेली गाडी सकाळी तारीख बदलल्याने चुकीच्या बाजूला ठरते आणि टोइंगवाले घेऊन जातात. शिवाय विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरी झाल्यास काही मिळत नाही.

कराराचं नूतनीकरण जवळ असेल तर तिथेच एक ओळ घालून घ्या: ‘सदर फ्लॅटसोबत दुचाकी पार्किंगची जागा क्र. ___ वापरण्यास दिली असून, संस्थेने दुसऱ्या दुचाकीस तात्पुरती परवानगी दिल्यास तिचे शुल्क भाडेकरू भरेल व परवानगी रद्द झाल्यास मालक जबाबदार राहणार नाहीत.’ महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, त्यामुळे ही ओळ नोंदणीच्या आधी मसुद्यात गेली पाहिजे. एजंट तयार साच्यातला मसुदा पाठवतो. त्याच्या परिशिष्टात पार्किंगचा रकाना कोरा सोडलेला असतो, तो सही करण्यापूर्वी भरून घ्या.